अंतिम मुलाखतीनंतर दिलेली तारीख उलटली? पाठपुरावा करताना या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहणारा एक उमेदवार डोळ्यांसमोर आणावा. बी.एस्सी. कृषी झालेला आहे, सध्या एका कृषी सेवा केंद्रात काम करतो, आणि एका खासगी बियाणे कंपनीत फील्ड ऑफिसरच्या जागेसाठी त्याची अंतिम फेरी २३ एप्रिलला, गुरुवारी नागपूरला झाली. निघताना एचआर विभागातील मॅडमनी "३० तारखेपर्यंत कळवू" असे सांगितले. ३० तारीख गेली, पण ना फोन आला ना मेल. सरकारी भरतीत निकाल संकेतस्थळावर लागतो, त्यामुळे तिथली गोष्ट वेगळी. इथे विचार करायचा आहे तो अशा खासगी नोकरीचा, जिथे कळवणे किंवा न कळवणे एखाद्या माणसाच्या हातात असते.

तारीख उलटली त्याच संध्याकाळी फोन लावणे

मुलाखतीच्या वेळी सांगितलेली तारीख हा बहुतेक वेळा एचआरचा अंदाज असतो. पॅनेलने नाव पसंत केल्यावरही पगाराचा आकडा मंजूर व्हावा लागतो, जागा भरण्यास वरिष्ठांची संमती लागते, आणि सही करणारे साहेब दौऱ्यावर असले की कागद तिथेच थांबतो. बियाणे कंपन्यांत खरिपाच्या तोंडावर, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, विक्री विभागातील वरिष्ठ विक्रेत्यांच्या बैठकांसाठी गावोगाव फिरत असतात, हेही ध्यानात ठेवावे. दुसरी एक शक्यता उमेदवारांना सहसा सुचत नाही. कंपनीने पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला ऑफर दिलेली असते आणि त्याचा होकार येईपर्यंत दुसऱ्याला नकारही कळवलेला नसतो. या काळात एचआरला खरे सांगता येत नाही आणि खोटे सांगायचे नसते, म्हणून शांतता पाळली जाते.

आपल्या उमेदवाराच्या बाबतीत ३० एप्रिल गुरुवारी आला. शुक्रवारी १ मे, महाराष्ट्र दिनाची सुट्टी. पुढे या कार्यालयाचे शनिवार-रविवार बंद. म्हणजे तारीख उलटल्यानंतरचा पहिला कामाचा दिवस सोमवार, ४ मे हा ठरतो, आणि तीन दिवसांच्या खंडानंतर त्या सकाळी एचआरपुढे साचलेल्या मेलचा ढीग असणार. त्यामुळे मंगळवारी, ५ मे रोजी, सकाळी अकराच्या सुमारास मेल पाठवणे योग्य. तारीख उलटल्यावर एक कामाचा दिवस जाऊ द्यावा, एवढा हिशेब बहुतेक प्रकरणांत पुरेसा आहे.

आपल्याकडची बाजू न तपासता कंपनीला विचारणे

खेड्यातल्या उमेदवारांच्या बाबतीत मला ही चूक सर्वांत महागाची वाटते, कारण काही वेळा कंपनीने कळवलेले असते आणि निरोप वाटेतच अडकलेला असतो. अर्ज गावातल्या ई-सेवा केंद्रातून भरला असेल, तर त्यात कोणता ईमेल टाकला गेला हे आधी पाहावे. केंद्रचालकाने घाईत स्वतःचा ईमेल टाकलेला असतो, किंवा उमेदवाराच्या नावाने नवा ईमेल उघडलेला असतो आणि त्याचा पासवर्ड केंद्रातल्या वहीत पडून असतो. मुलाखतीचा निरोप फोनवर आला असेल, तर ही गडबड अंतिम फेरीपर्यंत लक्षातही येत नाही. मात्र ऑफरचा मेल नेमका त्या पत्त्यावर जातो.

स्वतःचा जीमेल असेल तरी स्पॅम आणि प्रमोशन्स हे दोन्ही कप्पे उघडून पाहावेत, आणि शोधपट्टीत कंपनीचे नाव टाकावे. त्याचबरोबर खात्यातली जागा पाहावी. जीमेलची मोफत जागा १५ जीबी असते आणि त्यात फोटो, तसेच अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही मोजला जातो. घरातल्या लग्नाचे व्हिडिओ त्यात साठत गेले आणि जागा भरली, की नवे मेल येणे बंद होऊ शकते. पाठवणाऱ्याला मात्र मेल पोहोचला नाही असा उलट संदेश जातो आणि त्याचा समज होतो की पत्ताच चुकीचा आहे.

फोनचेही तसेच आहे. रिचार्ज संपून बरेच दिवस झाले असतील, तर इनकमिंगही बंद होते. बायोडेटावर दुसरा क्रमांक म्हणून वडिलांचा नंबर दिलेला असेल, तर घरी विचारून घ्यावे. अनोळखी नंबरवरून फोन आला, वडिलांनी "तो वावरात गेला" असे सांगून ठेवून दिला, आणि रात्री सांगायचे राहून गेले, असे सहज घडते. नागपूरच्या लँडलाइनचा ०७१२ ने सुरू होणारा मिस्ड कॉल दिसला, तर त्यावर कामाच्या वेळेत एकदा फोन करून पाहावा.

विचारायचे एकाला, विचारणे दुसऱ्यालाच

ज्यांनी तारीख सांगितली त्यांनाच विचारावे. मुलाखत घेणाऱ्या एरिया मॅनेजरांचा नंबर मिळाला म्हणून त्यांना व्हॉट्सॲप करू नये; त्यांनी पसंती कळवली असली तरी ऑफर त्यांच्या हातात नसते, आणि विचारणाऱ्याला काय सांगावे हा पेच त्यांच्यासमोर उभा राहतो. अर्ज कन्सल्टन्सीमार्फत गेला असेल तर पहिला फोन कन्सल्टन्सीला करावा, कारण त्यांना डावलून केलेला पाठपुरावा कंपनी त्यांच्याचकडे परत पाठवते.

आपल्या भागात याची आणखी एक तऱ्हा आहे. मामांच्या ओळखीतल्या पुढाऱ्याला किंवा कंपनीच्या एखाद्या मोठ्या विक्रेत्याला "साहेबांना एक फोन लावा" असे सांगितले जाते. हेतू वाईट नसतो, पण अंतिम फेरीनंतर असा फोन गेला की ज्या फाईलवर गुण लिहिलेले असतात तिच्यावर आता ओळखीची सावली पडते. पसंतीत असलेले नावही मग एचआरला दोनदा तपासावेसे वाटते. फील्ड ऑफिसरच्या जागेला तर याचा विशेष अडसर आहे, कारण उद्या त्याच विक्रेत्याकडून वसुली करायची असते.

मेलमध्ये निकाल मागणे

"माझे सिलेक्शन झाले का? कृपया लवकर कळवा" या मेलला एचआरकडे उत्तर नसते, निर्णय झाला नसेल तर 'हो'ही म्हणता येत नाही आणि 'नाही'ही, म्हणून मेल तसाच राहतो. ज्याचे उत्तर देणे सोपे आहे तेच विचारावे, आणि ते म्हणजे पुढची तारीख. मेल नव्याने न लिहिता, मुलाखतीचे बोलावणे ज्या मेलवर आले होते त्यालाच उत्तर म्हणून पाठवावा. त्यामुळे जागा कोणती, मुलाखत केव्हाची, हे शोधण्याचे काम समोरच्याला उरत नाही. कंपनीचा मेल इंग्रजीत आला असेल तर उत्तरही साध्या इंग्रजीत द्यावे. आपल्या उमेदवाराचा मजकूर मराठीत असा होईल:

"आदरणीय मॅडम, फील्ड ऑफिसर (यवतमाळ) या जागेसाठी २३ एप्रिल रोजी नागपूर कार्यालयात माझी अंतिम मुलाखत झाली. ३० एप्रिलपर्यंत कळवण्यात येईल असे आपण सांगितले होते. प्रक्रिया अजून सुरू असल्यास निर्णय साधारण कोणत्या तारखेपर्यंत अपेक्षित आहे, हे कळवावे, ही विनंती. या जागेसाठी मी इच्छुक आहे आणि निवड झाल्यास सध्याच्या कामातून मुक्त होण्यास मला १५ दिवस लागतील. माझा नंबर पूर्वीचाच आहे. दुपारी शेतात रेंज नसल्यास संध्याकाळी ५ नंतर फोन लागतो."

शेवटचे वाक्य अनेकांना अनावश्यक वाटेल, पण फोन लागला नाही म्हणून उमेदवाराचा रस संपला, असा समज त्याने टळतो. १५ दिवसांचा उल्लेखही कामाचा आहे. हंगामाआधी माणूस हवा असलेल्या कंपनीला तो आकडा निर्णयासाठी लागतोच. तारीख पाळली नाही याबद्दलचा टोमणा मात्र कुठेही येऊ नये, "अजूनही" या शब्दातूनसुद्धा नाही.

उत्तराचा चुकीचा अर्थ लावणे

पगाराच्या पावत्या, आधीच्या कामाचे पत्र किंवा संदर्भासाठी दोन नावे मागितली गेली, तर फाईल मंजुरीच्या वाटेवर आहे असे मानण्यास आधार आहे, पण ती ऑफर नव्हे. "प्रक्रिया सुरू आहे" एवढेच उत्तर, तेही तारखेविना, आले तर आपण राखीव यादीत असण्याची शक्यता मोठी. "आपला बायोडेटा पुढील संधीसाठी ठेवून घेतला आहे" हा नकार समजावा. तीच जाहिरात पुन्हा दिसली म्हणून मात्र खचू नये. फील्ड ऑफिसरच्या जागा अनेक तालुक्यांसाठी असतात आणि एकच जाहिरात सगळ्यांसाठी चालू राहते.

नवी तारीख मिळाली, तर तीही उलटेपर्यंत पुन्हा विचारू नये. उत्तरच आले नाही, तर आठवड्याने, म्हणजे मंगळवारी १२ मे रोजी, एकदा फोन करावा आणि "५ तारखेच्या मेलबाबत" एवढ्यावरच बोलणे ठेवावे. त्यानंतरही आठवडाभर काही कळले नाही, तर शेवटचा दोन ओळींचा मेल पाठवून ही जागा आपल्यापुरती बंद धरावी. सकाळ-संध्याकाळ मिस्ड कॉल दिल्याने मंजुरी लवकर येत नाही.

दबाव आणण्यासाठी खोटी ऑफर सांगणे हा धोका आहे. "मग ती घ्या" असे उत्तर आले की बोलणे तिथेच संपते. दुसरी ऑफर खरोखर हातात असेल, तर तिला कोणत्या तारखेपर्यंत उत्तर द्यायचे आहे ते स्पष्ट कळवावे. अशा मेलला मंजुरीच्या रांगेत खरोखर पुढे नेले जाते. आणि कृषी सेवा केंद्रातली नोकरी फोनवरच्या "तुमचे झाले समजा" यावर सोडू नये. पगार, नेमणुकीचे ठिकाण आणि रुजू होण्याची तारीख असलेले लेखी पत्र येईपर्यंत राजीनामा देऊ नये.

याच वाट पाहण्याच्या दिवसांत "निकाल लागला, पत्र पाठवण्यासाठी नोंदणी शुल्क भरा" असा फोन येऊ शकतो. लॅपटॉपची अनामत, गणवेश, पडताळणी, नाव काहीही असो, पैसे मागितले की मुलाखतीच्या वेळी मिळालेल्या कार्यालयाच्या नंबरवर स्वतः फोन करून खात्री करावी. पैसे गेलेच असतील तर सायबर मदत क्रमांक १९३० वर लगेच कळवावे.

ऑफर महिनाभराने आली, तरी पत्र वाचण्यासाठी दोन दिवस मागण्यास हरकत नाही. उशीर झालेल्या पत्रात नेमणुकीचा तालुका बदललेला असतो, किंवा मुलाखतीत बोललेल्या प्रवासभत्त्याची ओळच नसते. ती होकारापूर्वी त्याच मेलवर विचारून घ्यावी.