पोब्रे मुखेर की मुखेर पोब्रे?

माद्रिदला आलात की आपली मंडळी पहिल्याच आठवड्यात सांगतात, 'स्पॅनिशमध्ये विशेषण नामानंतर.' कासा ब्लांका, कोचे रोखो. मराठीत पांढरं घर, लाल गाडी म्हणणारी जीभ महिनाभरात वळते. तीन शब्दांची जागा बदलली की अर्थच पालटतो, हे मात्र कोणी सांगत नाही. स्वस्त डाळ कुठे मिळते ते विचारा, पाच जणांचे फोन येतील.

मला हे तानातोरिओत कळलं, म्हणजे अंत्यसंस्कारापूर्वी पार्थिव ठेवतात तिथे. शेजारच्या आजींचे यजमान गेले होते. लोक तिथे भेटायला येतात, तसा मीही गेलो. त्यांच्या मुलीला म्हणालो, 'के मुखेर पोब्रे!' मला म्हणायचं होतं 'बिचारी बाई'. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तुटकपणे म्हणाली, 'माझ्या आईला काही कमी नाहीये.' मी तिच्या आईला चारचौघांत कफल्लक म्हटलं होतं. नामानंतर पोब्रे म्हणजे पैशानं गरीब, नामाआधी पोब्रे म्हणजे बिचारा. पुढे वर्षभर लिफ्टमध्ये ती मुलगी भेटली की नुसतं 'ओला'. म्हणून पुन्हा सांगतो: दुःखाच्या घरी पोब्रे आधी, मुखेर नंतर. 'पोब्रे मुखेर.' घरी दहादा म्हणून बघा, मग जा.

मराठीत आपल्याला 'गरीब' आणि 'बिचारा' असे दोन शब्द आहेत. 'जुना' मात्र दोन्ही अर्थांनी चालतो. 'माझं जुनं घर' म्हणजे पडायला आलेलं, की पूर्वी राहायचो ते? आपण संदर्भावरून समजून घेतो. स्पॅनिशमध्ये 'मी आन्तिग्वो पिसो' म्हणजे माझा पूर्वीचा फ्लॅट, तो काल बांधलेला का असेना. 'पिसो आन्तिग्वो' म्हणजे जुन्या बांधणीचा, आणि त्यात तुम्ही आजही राहत असाल. मात्र 'एल पिसो एस आन्तिग्वो', म्हणजे फ्लॅट जुना आहे, असं वाक्य केलं की 'पूर्वीचा' हा अर्थ उरतच नाही. 'आन्तिग्वो एखिप्तो' म्हणजे प्राचीन इजिप्त, तिथे शब्द आधी येऊनही 'पूर्वीचा' असा अर्थ होत नाही. असे ठरलेले जोड पाठच करायचे.

न्वेवो म्हणजे नवा, त्याचंही तसंच. वापरलेली गाडी घेतलीत तर ती तुमची 'न्वेवो कोचे', म्हणजे आधीच्या गाडीऐवजी आलेली. 'कोचे न्वेवो' म्हणजे कोरी. बोलण्यात हा भेद नेहमी इतका काटेकोर नसतो, पण विकायला काढताना सांभाळा. आमच्यातल्या एकानं महिन्यापूर्वी सेकंडहँड घेतलेली सायकल 'बिसी न्वेवा' म्हणून विकायला काढली. गिऱ्हाईक आलं, झिजलेले टायर पाहिले आणि दारातच भांडलं. न वापरलेल्या वस्तूला लोक 'आ एस्त्रेनार' म्हणतात, वापरलेलीला 'दे सेगुंदा मानो'. पैशाचा व्यवहार असेल तर हेच शब्द वापरा.