टॉप लोड वॉशिंग मशीनची खरी घाण पल्सेटरखाली असते

पांढऱ्या कपड्यांवर ओल्या चहापत्तीसारखे काळे कण दिसू लागले की लोक व्हिनेगर ओतून मशीन रिकामं फिरवतात. मीही दोन वर्षं तेच केलं. आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. तो काळा थर साबण, सॉफ्टनर आणि बुरशीचा असतो. तो आतल्या स्टीलच्या ड्रमबाहेर आणि तळाच्या पल्सेटरखाली, म्हणजे त्या फिरणाऱ्या चकतीखाली, साठतो.

आधी पाणी पूर्ण उतरू द्या, मग प्लग काढा. लिंटची जाळी काढून नळाखाली उलटी करून धुवा. फाटली असेल तर नवीन घ्या, शिवत बसू नका.

आता पल्सेटर. मधल्या टोपीखाली एकच स्क्रू असतो. पहिल्यांदा मी घरातला बारीक स्क्रूड्रायव्हर लावला, स्क्रूच्या खाचा गोल झाल्या आणि शेवटी मेकॅनिकला बोलवावं लागलं. खाचेत घट्ट बसेल असाच जाड स्क्रूड्रायव्हर घ्या. आमच्यासारखं बोअरचं पाणी असेल तर स्क्रूवर क्षार चढलेला असतो. त्यावर अर्धा तास व्हिनेगरचा बोळा ठेवा, मग अंगाचा भार देऊन डावीकडे फिरवा.

स्क्रू निघाला तरी पल्सेटर हलत नाही. इथेच माणूस कडेला पेचकस घालून उचकटायला जातो आणि प्लास्टिकचा तुकडा हातात येतो. तसं अजिबात करू नका. पायजम्याची जुनी नाडी घ्या, वाकवलेल्या तारेने एका भोकातून खाली घालून शेजारच्या भोकातून वर काढा. समोरच्या बाजूलाही तशीच दुसरी. मध्यभागी कोमट पाणी ओता आणि दोन्ही नाड्या एकदम, सरळ वर ओढा. तिरकं ओढलं की पल्सेटर दांड्यावर जास्तच अडकतो.

खाली राखाडी गाळ, केसांचे पुंजके आणि बहुतेक एखादं नाणं सापडेल. जुन्या टूथब्रशने खरवडा. बसवताना आतले दाते दांड्याच्या दात्यांत नीट बसू द्या, मगच स्क्रू आवळा. नाहीतर मशीन खडखडतं आणि दाते झिजतात.

ड्रमबाहेर हात पोचत नाही, तिथे भिजवण्याला पर्याय नाही. पाण्याची पातळी सर्वात वर ठेवून क्षार काढणाऱ्या पावडरचं पाकीट टाका, दहा मिनिटं फिरवा, बंद करून तासभर ठेवा. रात्रभर नको. या पावडरीत आम्ल असतं, त्यामुळे सोबत ब्लीच कधीही घालू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

तासाने पाण्यावर काळे पापुद्रे तरंगतील. पाणी सोडण्याआधी ते चहाच्या गाळणीने काढून घ्या, नाहीतर पाणी उतरताना ते ड्रमलाच परत चिकटतात. मग स्वच्छ पाण्याने फिरवा. माझ्या मशीनला तीन फेऱ्या लागल्या.