‘अर्ध्या तासात 65 टक्के’: फास्ट चार्जिंगची जाहिरात वाचताना या चुका टाळा

फोनच्या जाहिरातीतला चार्जिंगचा आकडा बहुतेक वेळा खोटा नसतो. तो एका विशिष्ट परिस्थितीत खरा असतो, आणि ती परिस्थिती पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत दिलेली असते. आपण वरचा ठळक आकडा लक्षात ठेवतो, फोन घरी आणतो आणि आठवडाभरात वाटायला लागतं, की आपल्याच हॅण्डसेटमध्ये काहीतरी गडबड आहे. सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी त्या आकड्यामागचं गणित एकदा समजून घ्या.

उदाहरणासाठी सॅमसंगचा गॅलेक्सी एस 24 अल्ट्रा घेऊ. जानेवारी 2024 मध्ये आलेल्या या फोनची बॅटरी 5000 एमएएचची. कंपनीचा दावा असा: 45 वॅटच्या अडॅप्टरवर साधारण 30 मिनिटांत 65 टक्क्यांपर्यंत. यातले ‘साधारण’ आणि ‘पर्यंत’ हे दोन शब्द नजरेतून सुटतात, पण दाव्याचा सगळा भार त्यांच्यावर आहे.

चूक पहिली: अर्ध्या तासाच्या हिशेबाने पूर्ण चार्जचा वेळ काढणं

तीस मिनिटांत 65 टक्के, म्हणजे पूर्ण बॅटरी पंचेचाळीस-सेहेचाळीस मिनिटांत, असं त्रैराशिक आपण नकळत मांडतो. प्रत्यक्षात या फोनला शंभर टक्के व्हायला तासाभरापेक्षा जास्त वेळ लागतो. उरलेले 35 टक्के पहिल्या 65 टक्क्यांइतकाच, कधी त्याहूनही जास्त वेळ खातात.

याचं कारण लिथियम-आयन बॅटरीच्या स्वभावात आहे. बॅटरी रिकामी असते तेव्हा तिच्यात मोठा करंट सोडता येतो. ती भरत जाते तसं तिचं व्होल्टेज चढतं, आणि सुमारे 4.4 व्होल्टच्या आसपास एक मर्यादा येते. त्या मर्यादेपलीकडे रेटलं तर सेल खराब होतो. म्हणून चार्जिंगचं सर्किट व्होल्टेज तिथेच धरून ठेवतं आणि करंट हळूहळू कमी करत नेतं. शेवटचे दहा टक्के सगळ्यात संथ असतात ते यामुळेच. जाहिरातीत नेहमी ‘इतक्या मिनिटांत 50 टक्के’ किंवा ‘65 टक्के’ लिहितात, ‘इतक्या मिनिटांत 100’ फारसं दिसत नाही, त्याचं कारणही हेच. दाव्यासाठी चार्जिंगचा सर्वांत वेगवान भाग निवडलेला असतो.

आता दुसरी बाजू. अशा दाव्यांच्या तळटीपेत सहसा लिहिलेलं असतं, की चाचणी प्रयोगशाळेत, बॅटरी शून्य टक्क्यावर असताना, स्क्रीन आणि बाकीच्या सेवा बंद ठेवून घेतली. आपण मात्र फोन 30 टक्क्यांवर आला की चार्जिंगला लावतो. तिथून अर्ध्या तासात 65 टक्क्यांची भर पडून काटा 95 वर जाणार नाही, कारण वेगवान टप्प्याचा बराचसा भाग आपण वापरलेलाच नसतो. 20 ते 80 टक्क्यांच्या दरम्यान फोन ठेवण्याची सवय बॅटरीसाठी चांगलीच आहे, पण ती पाळणाऱ्याने जाहिरातीतल्या आकड्याशी आपली तुलना करू नये.

चूक दुसरी: डब्यावरचे वॅट म्हणजे सतत मिळणारे वॅट, असं धरणं

हा हिशेब स्वतः करून पाहण्यासारखा आहे. 5000 एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण 19 वॅट-अवर ऊर्जा. त्याचे 65 टक्के म्हणजे 12.4 वॅट-अवर. ही ऊर्जा अर्ध्या तासात भरायची तर बॅटरीत सरासरी 25 वॅट जायला हवेत. उष्णतेत जाणारा भाग धरला, तर अडॅप्टरमधून थोडे जास्त. म्हणजे 45 हा आकडा कमाल पातळीचा आहे. कंपनीच्या स्वतःच्या दाव्यानुसारसुद्धा अर्ध्या तासाची सरासरी त्याच्या खूप खाली येते.

हीच रीत कुठल्याही जाहिरातीला लावता येते: बॅटरीची क्षमता वॅट-अवरमध्ये काढा (एमएएच गुणिले 3.85, भागिले 1000), दाव्यातल्या टक्क्याने गुणा, तासांतल्या वेळेने भागा. आलेली सरासरी चार्जरच्या आकड्याच्या जवळ असेल तर तो फोन खरोखर बराच काळ मोठा करंट घेतो. निम्म्याच्या आसपास असेल तर मोठा आकडा थोडाच वेळ दिसतो. दोन फोनांची तुलना करताना मी या सरासरीवरच विसंबतो, वॅटच्या आकड्यावर नाही.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते. एप्रिल 2022 मध्ये रियलमीचा जीटी निओ 3 भारतात आला, तेव्हा ‘5 मिनिटांत 50 टक्के’ हा दावा गाजला. पाच मिनिटांत निम्मी बॅटरी भरायला सरासरी शंभर वॅटच्या वर लागतात, आणि तो फोन 150 वॅटचा होता, तेव्हा दावा गणितात बसत होता. पण त्याच नावाचा दुसरा प्रकारही विकला जात होता. 150 वॅटच्या फोनमध्ये 4500 एमएएचची बॅटरी, तर 80 वॅटच्या फोनमध्ये 5000 एमएएचची. जाहिरात पहिल्याची पाहायची आणि स्वस्त पडतो म्हणून दुसरा घ्यायचा, असं सहज होऊ शकतं. म्हणून बिल करण्यापूर्वी नुसतं मॉडेलचं नाव पाहू नका, डब्यावरचे वॅटही वाचा.

चूक तिसरी: घरातला ‘मोठा’ चार्जर चालेल, असं समजणं

सर्वाधिक तक्रारी इथे उगवतात. बऱ्याच महाग फोनांसोबत आता अडॅप्टर येत नाही. ॲपलने 2020 मध्ये आयफोन 12 पासून तो देणं थांबवलं, सॅमसंगने 2021 मध्ये एस 21 पासून. जाहिरातीतला वेग मात्र त्या वेगळ्या विकत घ्यायच्या अडॅप्टरवर मोजलेला असतो. आयफोन 17 चा ‘20 मिनिटांत 50 टक्के’ हा दावा 40 वॅट किंवा त्याहून मोठ्या अडॅप्टरवरचा आहे. जुना 20 वॅटचा अडॅप्टर लावून तो वेग मिळणार नाही.

मग माणूस म्हणतो, माझ्याकडे लॅपटॉपचा 65 वॅटचा टाइप-सी चार्जर आहे, तो तर आणखी मोठा! आणि सॅमसंगचा फोन त्याच्यावर उलट सावकाश भरतो. याचं कारण वॅटमध्ये नाही, बोलीत आहे. चार्जर आणि फोन जोडताक्षणी एकमेकांशी बोलून व्होल्टेज ठरवतात. सॅमसंगच्या वेगवान चार्जिंगला असा चार्जर लागतो, जो व्होल्टेज बारीक पायऱ्यांनी वरखाली करू शकतो. या सोयीचं नाव PPS. ती नसेल तर फोन साध्या, कमी वॅटच्या पातळीवर येतो, चार्जर कितीही वॅटचा असो. वनप्लस, ओप्पो, रियलमी यांची स्वतःची वेगळी पद्धत आहे. त्यांचा सर्वोच्च वेग त्यांच्याच अडॅप्टर-केबलवर मिळतो.

अडॅप्टर उलटा करून त्यावरचं बारीक लिखाण वाचा. `PPS` किंवा `3.3V-11V` असा व्होल्टेजचा पट्टा छापलेला दिसला, तर ती सोय आहे. नुसतं `5V, 9V, 15V, 20V` असेल तर बहुधा नाही. दोन-तीन पोर्टांचा चार्जर असेल तर दुसऱ्या पोर्टला काही जोडलं की वॅट वाटले जातात. फोन आणि इअरबड्स एकाच वेळी लावून वेग मोजू नका.

केबलचंही तसंच. टाइप-सीच्या साध्या केबलमधून 3 अँपिअरपर्यंतच करंट मिळतो. 5 अँपिअरसाठी केबलच्या टोकात एक ओळख देणारी चिप लागते. एस 24 अल्ट्राच्या 45 वॅटला 5 अँपिअरची केबल हवी. साधी लावली तर फोन 25 वॅटच्या पातळीवर उतरतो. दिसायला दोन्ही केबल सारख्याच, त्यामुळे दोष अडॅप्टरला दिला जातो. सॅमसंगमध्ये हे ओळखणं सोपं आहे: लॉक स्क्रीनवर `Super fast charging 2.0` आलं तर 45 वॅटची बोलणी जुळली, `Super fast charging` म्हणजे 25 ची पातळी, आणि नुसतं `Fast charging` म्हणजे त्याच्याही खाली.

भारतातून अमेरिकेला जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथे घरात 120 व्होल्ट असतात, आपल्याकडे 230. काही मोठे अडॅप्टर कमी व्होल्टेजवर पूर्ण ताकद देत नाहीत. वनप्लस 10 प्रो भारतात 80 वॅटचा होता आणि उत्तर अमेरिकेत 65 वॅटचा, तो याच कारणाने. तिकडे गेल्यावर वेग कमी झाला तर फोन बिघडला असं मानायचं कारण नाही.

चूक चौथी: उष्णता हिशेबात न धरणं

प्रयोगशाळेतली चाचणी साधारण पंचवीस अंशांच्या खोलीत होते. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याला पारा 45 वर जातो, आणि बॅटरी चार्ज करण्याची सर्वसाधारण वरची मर्यादाही तेवढीच. तापलेला फोन स्वतःच करंट कमी करतो, आणि तसं करणंच बरोबर आहे. गाडीच्या डॅशबोर्डवर मॅप चालू ठेवून चार्जिंग म्हणजे ऊन, प्रोसेसर आणि चार्जिंग अशी तिहेरी उष्णता. तिथे कुठलाही दावा टिकणार नाही. जाड कव्हर काढा, गेम बंद ठेवा, पंख्याखाली ठेवा. फ्रिजमध्ये मात्र कधीच ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत पाणी धरतं.

खरंच बिघाड आहे का, हे कसं ओळखायचं

बॅटरी पाच टक्क्यांच्या खाली येऊ द्या. फोन थंड असताना, स्क्रीन बंद ठेवून, कंपनीने सांगितलेल्या अडॅप्टर-केबलवर लावा आणि दर पाच मिनिटांनी टक्के कागदावर लिहा. सुरुवातीला मोठ्या उड्या आणि पुढे लहान होत गेल्या, तर सगळं ठीक. पहिल्यापासूनच सारख्या लहान उड्या असतील, तर बोलणी जुळत नाहीयेत. आधी केबल बदला, मग अडॅप्टर, मग सेटिंगमधला फास्ट चार्जिंगचा पर्याय पाहा, कारण काही फोनांत तो बंद असतो. चार्जिंगच्या छिद्रात खिशातली कापसाची लव बसली असेल तर केबल पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढा. 80 टक्क्यांवर येऊन थांबत असेल तर बॅटरी जपण्याची सोय चालू आहे, तो दोष नाही.

एवढं सगळं करूनही दाव्याच्या जवळपास वेग येत नसेल, तर तो कागद घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. जाहिरातीतच अट दडवली असेल तर गोष्ट वेगळी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्र सरकारने 2022 मध्ये नियमावली काढली आहे. तिच्यानुसार खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत हवा, आणि दाव्याविरुद्ध जाणारी गोष्ट खुलाशात घालता येत नाही. मराठी जाहिरातीखाली इंग्रजी तळटीप असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, बिल जोडा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा.