पीपीएफचं व्याज पडताळायला बसताना

मार्चअखेरची गडबड ओसरली की एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पासबुक छापून आणावं किंवा स्टेटमेंट उतरवून घ्यावं. ते फक्त गेल्या वर्षाचं घेऊन चालत नाही. त्याआधीच्या ३१ मार्चची ओळही त्यात दिसायला हवी, कारण आपला हिशेब सुरू होतो तो तिथे लिहिलेल्या शिलकेपासून, आणि त्या शिलकेत त्या वर्षाचं व्याज आधीच मिसळलेलं असतं. ही ओळ नसेल तर बाकीचं सगळं नीट असूनही उत्तर चुकतं.

दुसरी वस्तू म्हणजे व्याजाचा दर. १ एप्रिल २०२० पासून तो ७.१ टक्क्यांवर आहे, त्यामुळे २०२४-२५चा हिशेब करताना बारा महिन्यांना एकच दर लावून मोकळं होता येतं. पण सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं. जुनी वर्षं उकरायची असतील तर आधी हे बघावं. २०१९-२० मध्ये एप्रिल ते जून ८ टक्के होते आणि जुलैपासून ७.९. तिथे एकच दर धरला तर फरक येणारच.

तिसरी गोष्ट कागदावर नाही, डोक्यात तयार ठेवायची आहे. महिन्याच्या ५ तारखेचे व्यवहार संपल्यावर जी शिल्लक राहते, तिथपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी रक्कम असेल, त्या महिन्याचं व्याज तिच्यावरच. बचत खात्यावर आता रोजच्या शिलकेवर व्याज मिळतं, म्हणून बरेच जण इथेही तसंच धरून चालतात. ज्यांचं बँकेशी जुनं नातं आहे त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. २०१० च्या एप्रिलपर्यंत बचत खात्यालाही अशीच अट होती, फक्त तिथे ५ च्या जागी १० तारीख होती. ‘दहाच्या आत भर’ हे घरातल्या मोठ्यांचं बोलणं त्यातूनच आलेलं. पीपीएफमध्ये किमान शिलकेचा नियम अजून तसाच आहे.

आता एक कोरा कागद घ्यावा आणि एप्रिल ते मार्च बारा महिने एकाखाली एक लिहावेत. प्रत्येक महिन्यासमोर एकच आकडा हवा, त्या महिन्याची सर्वांत कमी शिल्लक. तो काढताना स्टेटमेंटमधली नेमकी कुठली तारीख धरायची, इथे बहुतेकांचं अडतं. आपल्या बचत खात्यातून पैसे कधी गेले ते बघू नये. पीपीएफ खात्यात ते कधी जमा झाले ते बघावं. दुसऱ्या बँकेतून ४ तारखेला संध्याकाळी पाठवलेली रक्कम ६ ला जमा झाली असेल, तर तो महिना गेला. चेक दिला असेल तर तो वटून पैसे जमा झाले ती तारीख धरायची, काउंटरवर शिक्का मारून मिळालेल्या स्लिपवरची नाही. ५ तारखेला रविवार आला म्हणून मुदत सोमवारपर्यंत वाढत नाही. स्टेटमेंटमध्ये Txn Date आणि Value Date असे दोन रकाने असतील आणि त्यांत फरक दिसला, तर त्या ओळीला पेन्सिलने खूण करून ठेवावी. पुढे रकमा जुळल्या नाहीत तर आधी तिथेच बघायचं.

एक खातं पूर्ण करून बघू. १ एप्रिल २०२४ ला शिल्लक ४,२०,००० रुपये. ४ एप्रिलला ५०,००० भरले. ६ जुलैला ४०,००० भरले. डिसेंबरच्या ४ तारखेला ३०,००० चा चेक दिला, तो ६ ला वटला. आणि २० फेब्रुवारी २०२५ ला ६०,००० काढले.

एप्रिलचा भरणा ५ च्या आत आहे, म्हणून एप्रिलसमोर ४,७०,००० लिहायचे. मे आणि जूनलाही तेच. जुलैलाही तेच, कारण ५ जुलैला खात्यात एवढेच होते. ४०,००० दुसऱ्या दिवशी आले. ते धरायचे ऑगस्टपासून. ऑगस्ट ते डिसेंबर या पाच महिन्यांसमोर ५,१०,००० येतील. चेक एक दिवस उशिरा वटल्यामुळे डिसेंबरही याच रकमेवर राहिला. जानेवारीला ५,४०,०००. फेब्रुवारीत २० तारखेपर्यंत ५,४०,००० होते, म्हणजे महिन्यातले जवळजवळ वीस दिवस, पण त्याचा उपयोग शून्य. महिन्यातली सर्वांत कमी शिल्लक ४,८०,००० आणि फेब्रुवारीचं अख्खं व्याज तेवढ्यावरच. मार्चलाही ४,८०,०००.

या बारा आकड्यांची बेरीज ५९,३०,००० होते. तिला ७.१ ने गुणून १२०० ने भागायचं. ३५,०८५ रुपये ८३ पैसे, म्हणजे ३५,०८६. हे व्याज वर्षाच्या शेवटी एकदाच जमा होतं, म्हणून वर्षाच्या आत व्याजावर व्याज धरू नये. दर महिन्याच्या व्याजाची भर पुढच्या महिन्याच्या शिलकेत घालणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचं उत्तर पासबुकापेक्षा जास्त येतं, वरच्या उदाहरणात अकराशे रुपयांहून थोडं जास्त, आणि मग बँकेवर राग निघतो. संगणकावर करायचं असेल तर बारा शिलका B2 ते B13 मध्ये भरून एवढं पुरतं:

```
=ROUND(SUM(B2:B13)*7.1/1200,0)
```

पैसे काढलेल्या महिन्यात एक सोपी पण चुकीची वाट सापडते: ५ नंतरचा भरणा सोडून द्यायचा आणि काढलेली रक्कम वजा करायची. वरच्या उदाहरणात ती चालून गेली, कारण फेब्रुवारीत भरणा नव्हता. समजा शिल्लक ५,१०,००० आहे, १० तारखेला ४०,००० भरले आणि २० तारखेला ६०,००० काढले. शिल्लक ५,५०,००० वर जाऊन ४,९०,००० वर आली. सर्वांत कमी ४,९०,०००. आधी काढले आणि मग भरले तर ती ४,५०,००० ला टेकून आली, आणि व्याज तेवढ्यावरच. महिनाअखेरची शिल्लक दोन्हीकडे सारखीच. म्हणून अशा महिन्यात वजाबाकीच्या भानगडीत न पडता स्टेटमेंटमधला शिलकेचा रकाना ५ तारखेपासून खाली वाचत जावं आणि सगळ्यात लहान आकडा उचलावा. आणि काढायला आठवड्याभराची सवड असेल तर फेब्रुवारीच्या शेवटी काढण्याऐवजी मार्चच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत काढावं. आपल्या उदाहरणात ६०,००० तसे काढले असते, तर फेब्रुवारीचे ३५५ रुपये वाचले असते.

उत्तर जुळलं नाही, तर लगेच शाखेत जाऊ नये. ७.१ टक्क्याने हजार रुपयांवर महिन्याला ५ रुपये ९२ पैसे व्याज होतं. फरकाची रक्कम ५.९२ ने भागली की किती हजार रुपये किती महिने सुटले याचा अंदाज येतो. वरचं खातं माझ्याच घरातलं समजा. पहिल्या खेपेला माझं उत्तर ३५,३२३ आलं, पासबुकात ३५,०८६. फरक २३७ रुपये. भागाकार ४० च्या आसपास, म्हणजे ४० हजार आणि एक महिना. ४० हजारांचा भरणा एकच होता, जुलैचा. तारीख पुन्हा पाहिली तर ६. मी बचत खात्यातून ५ ला निघाल्याची ओळ वाचली होती. चूक माझी होती आणि ती दोन मिनिटांत सापडली. दोन-चार रुपयांचा फरक असेल तर तो बहुतेक पैसे पूर्णांकात आणताना पडलेला असतो, त्याच्यामागे लागू नये.

मोठा फरक निघतो तो खातं बदललेल्या वर्षी. पोस्टातून बँकेत किंवा एका शाखेतून दुसरीकडे खातं नेलं असेल, तर त्या वर्षाची पडताळणी डोळ्यांत तेल घालून करावी. २०१९ च्या पीपीएफ योजनेत स्पष्ट आहे, की वर्षात खात्याचं कार्यालय बदललं तरी व्याज वर्षाच्या शेवटी जमा व्हायचं. म्हणजे जुन्या ठिकाणचे महिनेही त्यात यायलाच हवेत. नव्या ठिकाणी खातं ऑगस्टच्या शेवटी उघडलं आणि त्यांनी सप्टेंबरपासूनच धरलं, तर ६ लाखांच्या शिलकेवर पूर्ण वर्षाचे ४२,६०० मिळायच्या जागी सात महिन्यांचे २४,८५० दिसतील. १७,७५० चा फरक, म्हणजे ३,५५० चे बरोबर पाच महिने. असा पूर्ण महिन्यांत भागणारा फरक दिसला की कारण हेच समजावं. म्हणून खातं हलवण्याआधीच जुन्या पासबुकाच्या प्रती काढून ठेवाव्यात. हलवल्यावर ते पासबुक आपल्या हातात राहत नाही.

एक जागा अशीही, जिथे कमी व्याज बरोबरच असतं. वर्षाला दीड लाखापेक्षा जास्त भरलं असेल, तर वरच्या रकमेला व्याज नाही. ही मर्यादा आपलं खातं आणि आपण पालक म्हणून चालवत असलेलं अज्ञान मुलाचं खातं, दोन्ही मिळून आहे. आईवडिलांपैकी एकाने मुलाच्या नावावर वेगळा दीड लाख भरला की इथे गल्लत होते.

एवढं बघूनही फरक राहिलाच, तर बारा महिन्यांचा तोच कागद स्वच्छ लिहून अर्जासोबत द्यावा आणि वादातल्या महिन्याची स्टेटमेंटमधली ओळ गोल करून जोडावी. तोंडी सांगून काही होत नाही; टेबलाच्या पलीकडच्या माणसाला आपला हिशेब दिसावा लागतो. पोच घ्यावी. दुरुस्ती झाली की ती कुठल्या तारखेने जमा झाली ते बघावं, कारण जुन्या वर्षाचं राहिलेलं व्याज आजच्या तारखेने टाकलं तर मधल्या वर्षांत त्यावरचं व्याज बुडतं, आणि तेही मागून घ्यायचं असतं.

जुळलं असेल तर त्याच कागदाच्या मागच्या बाजूला नव्या वर्षाची पहिली ओळ लगेच लिहून टाकावी: १ एप्रिल २०२५, शिल्लक ५,१५,०८६.