या चुका टाळा: दुकान एकट्याचं, भागीदारीत की प्रायव्हेट लिमिटेड?

नवीन दुकान टाकणारा माणूस माझ्यासमोर बसला की पहिला प्रश्न ठरलेला: "टॅक्स कशात कमी?" तो हिशेब करता येतो, आणि पुढे बदलताही येतो. पण दुकान बुडालं तर घर कुणाचं जाणार आणि उधारी वसूल करायला कोर्टात उभं राहता येणार का, हे पहिल्या कागदावरच ठरतं. म्हणून इथे टॅक्सबद्दल एक शब्दही नाही.

सर्वात महाग पडलेली चूक आधी सांगतो: भागीदारीचा करार केला, पण फर्म नोंदवली नाही.

माझ्याकडे दोन आते-मामेभाऊ आले होते. प्लंबिंगच्या सामानाचं दुकान, धंदा चांगला. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर भागीदारीपत्र, दोन साक्षीदार, वर नोटरीचा गोल शिक्का. थोरल्याने तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. त्यांच्या मते नोटरी झाली म्हणजे नोंदणी झाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. फर्मची नोंदणी रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे होते आणि तिथल्या रजिस्टरमध्ये प्रत्येक भागीदाराचं नाव चढतं.

एका बांधकाम ठेकेदाराकडे त्यांचे 6,80,000 रुपये अडकले होते. पाइप, व्हॉल्व्ह, नळ, सगळं त्याने सहीच्या चलनावर उचललेलं. शेवटचं बिल होऊन अडीच वर्षं झाल्यावर हे दोघे वकिलाकडे गेले. वकिलांनी चलनं बाजूला ठेवून पहिल्यांदा नोंदणीचा दाखला मागितला, आणि तो नव्हता. भागीदारी कायदा 1932 चा. त्यात नोंदणी सक्तीची नाही, पण कलम 69 म्हणतं की नोंदणी नसलेल्या फर्मला करारातून आलेल्या हक्कासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. दावा ठोकून मग नोंदणी केली तरी तो दावा वाचत नाही. आधी नोंदणी, मग दावा, असाच क्रम लागतो.

मग धावपळ सुरू झाली. अर्जात एका भागीदाराचा जुना पत्ता पडला, अर्ज परत आला, दुरुस्त करून पुन्हा दिला. दाखला हातात आला तेव्हा मालाच्या पैशांसाठीची तीन वर्षांची मुदत उलटून गेली होती. ठेकेदाराने मधल्या काळात एक रुपयाही दिला नव्हता, लेखी कबुलीही नव्हती, त्यामुळे मुदत वाढायला काही आधारच उरला नाही. पैसे बुडाले.

आणि त्याच काळात एका घाऊक व्यापाऱ्याने या दोघांवर दावा लावला. तो त्याला लावता येतो. नोंदणी नसलेल्या फर्मवर बाहेरचं कुणीही दावा करू शकतं, हात बांधलेले असतात ते फर्मचे आणि तिच्या भागीदारांचे. धाकटा मला म्हणाला, "काका, मी तर दीड वर्षापूर्वीच बाहेर पडलोय, हे बघा." त्याच्या हातात थोरल्याच्या सहीचं राजीनामापत्र होतं. व्यापाऱ्याचा माल मात्र तो गेल्यानंतरचा. तरीही तो अडकला. तो भागीदार आहे हे व्यापाऱ्याला ठाऊक होतं आणि तो निवृत्त झाल्याची जाहीर सूचना कधी निघालीच नव्हती. सूचना निघेपर्यंत जुना भागीदार बाहेरच्यांसाठी भागीदारच राहतो. भागीदारांची जबाबदारी एकत्र आणि स्वतंत्र, दोन्ही असते. म्हणजे व्यापारी पूर्ण रक्कम एकट्या धाकट्याकडूनही मागू शकतो. मग त्याने ते पैसे भावाकडून वसूल करत बसायचं.

तेव्हापासून भागीदारीपत्राच्या आठवड्यातच नोंदणीचा अर्ज टाकल्याशिवाय मी पुढचं काम हातात घेत नाही. "धंदा जरा बसू दे, मग करू," असं म्हणणारे मला नकोत. भागीदार बाहेर पडला की राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका मराठी वर्तमानपत्रात सूचना द्यायची. फर्म नोंदलेली असेल तर रजिस्ट्रारलाही कळवायचं. त्यावर माझी सवय म्हणजे प्रत्येक घाऊक व्यापाऱ्याला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवायचं आणि पोचपावत्या त्याच फाइलला लावायच्या.

अशा पत्राचा आणखी एक उपयोग आहे. "पन्नास हजारांवरची उधार खरेदी दोघांच्या सहीनेच," असं कलम भागीदारीपत्रात हौसेने घालतात आणि निश्चिंत होतात. पण दुकानाच्या नेहमीच्या व्यवहारात एक भागीदार फर्मला बांधू शकतो. आतली मर्यादा व्यापाऱ्याला माहीतच नसेल तर ती त्याच्यावर लागू होत नाही. ती त्याला लेखी कळवा.

भागीदार वारला तर काय, हेही भागीदारीपत्रात लिहा. काही लिहिलं नसेल तर मृत्यूबरोबर फर्म विसर्जित होते.

दुसरी चूक नेमकी उलट्या टोकाची. घाबरून थेट प्रायव्हेट लिमिटेड काढायची. "कंपनी केली की घर सेफ," हे अर्धंच खरं आहे. कंपनी कायद्याने वेगळी व्यक्ती असते आणि भागधारकाची जबाबदारी त्याच्या शेअर्सच्या रकमेपुरती असते. पण छोट्या दुकानाच्या नव्या कंपनीला बँक सहसा संचालकांच्या वैयक्तिक हमीशिवाय कर्ज देत नाही. हमीपत्रावर सही केली की त्या कर्जापुरते तुम्ही कंपनीइतकेच जबाबदार. मोठा घाऊकवालाही अशी हमी मागू शकतो. म्हणून कंपनी काढण्याआधी मी एकच गोष्ट विचारतो: तुमच्या देण्यांपैकी किती देणी हमीशिवायची असतील? सगळं देणं एका बँकेच्या हमीखाली जाणार असेल, तर कर्जाच्या बाबतीत कंपनीने तुमचं काहीच वाचत नाही. पण गिऱ्हाइकांचे दावे, बिनहमीची उधारी, मालामुळे झालेली नुकसानभरपाई असा धोका मोठा असेल तर कंपनीचा उपयोग खरा आहे.

त्याची किंमतही आहे. उलाढाल शून्य असली तरी ऑडिट लागतं. हिशेबाचा AOC-4 आणि वार्षिक विवरणाचा MGT-7A हे दोन फॉर्म दरवर्षी भरायचे. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला 100 रुपये, म्हणजे दोन्ही वर्षभर राहिले तर 73,000. सलग तीन वर्षं भरले नाहीत तर संचालक पाच वर्षं अपात्र ठरतो. दुकान बंद केलं, शटर खाली ओढलं, म्हणून कंपनी बंद होत नाही. ती रीतसर काढून टाकावी लागते.

दुकान आधीपासून एकट्याच्या नावावर असेल तर कंपनी काढल्याने जुनं देणं कंपनीकडे जात नाही. ज्याच्या नावावर माल आला त्याच्याच डोक्यावर ते राहतं. पुढच्या चलनांवर कंपनीचं पूर्ण नाव हवं आणि सही "करिता … प्रायव्हेट लिमिटेड, संचालक" अशीच हवी. जुनं बिलबुक संपवायचं म्हणून तेच वापरत राहणाऱ्यांनी ही काटकसर करू नये. नंतर व्यापारी तेच बिल पुढे करून म्हणतो की माझा व्यवहार या माणसाशी होता.

नावापुढे "अँड कंपनी" लावल्याने कंपनी होत नाही. दुकान नोंदणीचा कागदही कंपनी बनवत नाही. एकट्याच्या दुकानाचा दावा दुकानाच्या नावाने लावू नका, मालकाच्या नावाने लावा, कारण कायद्याच्या नजरेत मालक आणि दुकान एकच.

आणि एकट्याची मालकी कमीपणाची नाही. भागीदार नाही, उधारी थोडी, माल साधा, तर मी तीच सुचवतो. एकट्यालाच कंपनी हवी असेल तर एकल व्यक्ती कंपनी निघते, पण नॉमिनी म्हणून एका माणसाची संमती सुरुवातीलाच लेखी लागते. ती संमती कुणाची घेताय, हे घरात आधी बोलून ठेवा.