तारेचा यंगचा गुणांक : लांबीची चिंता कमी करा आणि व्यासाच्या या चुका टाळा

सर्लच्या उपकरणावर बारीक तारेचा यंगचा गुणांक काढण्याच्या प्रयोगाची वही तपासायला घेतली की पहिल्या पानावरच पुढे काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज येतो. तारेची लांबी तीनदा मोजून मिलिमीटरपर्यंत नोंदवलेली असते आणि त्याखाली ‘व्यास = ०.५४ मिमी’ अशी एकच नोंद असते, जणू व्यास तारेच्या वेष्टनावर छापूनच आला होता. खरे पाहता ही काळजी उलट वाटली जायला हवी. सूत्र Y = 4MgL/(πd²l) असे आहे, M म्हणजे टांगलेले वस्तुमान आणि l म्हणजे तारेची वाढ. त्यात लांबी L एकदाच येते आणि व्यास d वर्गात येतो, त्यामुळे व्यासातील सापेक्ष त्रुटी उत्तरात शिरताना दुप्पट होते.

नेहमीच्या पोलादी तारेचे आकडे घेऊ. लांबी २ मीटर आणि व्यास ०.५० मिमी आहे. लांबी मोजताना २ मिमी चुकले तरी उत्तर ०.१ टक्क्यानेच हलते. स्क्रू गेजचे लघुतम माप मात्र ०.०१ मिमी असते आणि ०.५० मिमीत ते २ टक्के भरते. वर्गामुळे त्याचे ४ टक्के होतात. म्हणजे व्यासात एका भागाची चूक झाली, तर लांबीत ८ सेंटिमीटर चुकल्याइतकाच परिणाम होतो. हे एकदा लक्षात आले की प्रयोगाचा वेळ कुठे खर्चायचा हे वेगळे सांगावे लागत नाही.

शून्य त्रुटीचे चिन्ह

ही माझी सर्वात नावडती चूक आहे, कारण ती आळसापेक्षा घाईतून होते. स्क्रू गेजचे जबडे मिटवल्यावर वर्तुळाकार पट्टीवरचे शून्य आधाररेषेच्या खाली राहिले आणि चौथा भाग रेषेवर आला, तर शून्य त्रुटी +०.०४ मिमी असते आणि ती वाचनातून वजा करायची असते. शून्य रेषेच्या वर गेले, तर त्रुटी ऋण असते आणि तेवढे माप वाचनात मिळवायचे असते. नियम एवढाच आहे. तरीही तो ‘वर की खाली’ असा पाठ करून ठेवणारे ऐन वेळी गोंधळतात. मी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारायला लावतो : जबड्यांमध्ये काहीच नसताना यंत्र किती दाखवते? काहीच नसताना ते ०.०४ दाखवत असेल, तर तारेच्या मापातही ते तेवढेच जास्तीचे दाखवणार, हे उघड आहे.

एका वर्षी एका गटाने माझ्यापुढे २०१ गिगापास्कल असे देखणे उत्तर ठेवले. पोलादाचे मूल्य साधारण २०० गिगापास्कल असते, त्यामुळे वरवर पाहता तक्रारीला जागाच नव्हती. मात्र वहीत तारेची लांबी २.६९ मीटर लिहिलेली होती. आमच्या प्रयोगशाळेत तार ज्या ब्रॅकेटला टांगतात तो जमिनीपासून अडीच मीटरच्या आसपास आहे. तारेखाली उपकरणाची चौकट, हँगर आणि वजने असतात, तेव्हा एवढी लांब तार जमिनीत शिरल्याशिवाय तिथे टांगताच येणार नाही. चौकशी केल्यावर प्रकार उघड झाला. त्यांचे स्क्रू गेज ०.०४ मिमी धन त्रुटीचे होते आणि वाचन ०.५४ मिमी आले होते. त्रुटी वजा करण्याऐवजी त्यांनी ती मिळवली आणि व्यास ०.५८ मिमी धरला. खऱ्या ०.५० मिमीऐवजी ०.५८ घेतल्यावर क्षेत्रफळ ३५ टक्क्यांनी वाढते आणि गुणांक १४९ गिगापास्कलच्या आसपास येतो. पुस्तकातल्या मूल्याशी तो जुळेना, म्हणून पंचवीस टक्क्यांच्या जवळपास चूक कुठे असू शकते हे शोधण्याऐवजी त्यांनी सगळ्यात निरुपद्रवी दिसणारी राशी, म्हणजे लांबी, ताणली. त्रुटी मुळीच विचारात घेतली नसती, तरी उत्तर १७१ आले असते, म्हणजे चुकीच्या दिशेने केलेली दुरुस्ती न केलेल्या दुरुस्तीपेक्षा वाईट ठरली.

उत्तरावरून अशी चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. भार आणि वाढ यांचा आलेख सरळ रेषेत येतो, वजने काढतानाची वाचनेही चढत्या वाचनांशी जुळतात, आणि तरीही गुणांक दहा-वीस टक्क्यांनी बाजूला जातो. अशा वेळी दोष जवळजवळ नेहमी व्यासात असतो. उत्तर नेमके चौपट किंवा पाव आले, तर व्यास आणि त्रिज्या यांची अदलाबदल झालेली असते, त्यासाठी उपकरणाकडे पाहण्याचीही गरज नाही.

व्यास घेण्याची माझी पद्धत अशी आहे. तारेवर वरच्या पकडीपासून खालच्या पकडीपर्यंत पाच-सहा ठिकाणी मोजावे आणि प्रत्येक ठिकाणी एकमेकांशी काटकोनात दोन वाचने घ्यावीत, कारण ओढून काढलेली तार अनेकदा किंचित लंबवर्तुळाकार असते. जबडे रॅचेटनेच मिटवावेत. बोटांनी पिळून घट्ट केले की बारीक तार चेपते आणि प्रत्येक हाताचे वाचन वेगळे येते. तार जिथे मोडून पुन्हा सरळ केलेली आहे किंवा जिथे गंज आहे, ती जागा टाळावी.

यापेक्षाही चांगला उपाय तराजूचा आहे आणि तो वापरणारे फार कमी दिसतात. त्याच गुंडाळीतून बरोबर २ मीटरचा तुकडा कापावा, तेल पुसावे आणि त्याचे वजन करावे. ०.५० मिमी व्यासाच्या पोलादी तारेसाठी ते ३.०८ ग्रॅमच्या जवळ येते. साध्या कार्बन पोलादाची घनता ७.८५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर धरली, तर ३.०८ ला ७.८५ आणि २०० यांच्या गुणाकाराने भागल्यावर क्षेत्रफळ ०.००१९६ चौरस सेंटिमीटर मिळते. तराजू ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचत असेल, तर वजनातील त्रुटी ०.३ टक्के असते आणि ती थेट क्षेत्रफळात येते, दुप्पट होऊन नाही. शिवाय हे क्षेत्रफळ पूर्ण तुकड्याचे सरासरी असते. मर्यादा घनतेची आहे : पोलाद कोणते ते माहीत नसेल, तर तिथे एखादा टक्का जाऊ शकतो. म्हणून मी हे मूल्य स्क्रू गेजच्या पडताळणीसाठी वापरतो. दोन्हींत ३-४ टक्क्यांपेक्षा जास्त फरक निघाला, तर आधी शून्य त्रुटी पुन्हा पाहतो.

लांबी : कुठून कुठपर्यंत

लांबीत मिलिमीटरचा प्रश्न कमी आणि टोकांचा जास्त आहे. सूत्रातील L म्हणजे ताणला जाणारा भाग, म्हणजे वरच्या चकच्या खालच्या कडेपासून खालच्या चकच्या वरच्या कडेपर्यंतची तार. काही जण टेप हँगरच्या आकड्यापर्यंत नेतात आणि मध्ये येणारी चौकट लांबीत धरतात. १२ सेंटिमीटर असे जास्तीचे मोजले की ६ टक्के गेले, आणि तेही व्यासावर घेतलेली सगळी मेहनत वाया घालवून. लांबी डेड लोड, म्हणजे तार ताठ ठेवणारे सुरुवातीचे कायमचे वजन, लावल्यानंतर मोजावी, कारण सैल तारेचे वाकडेपण टेपला दिसत नाही.

तार चकमध्ये घसरणे ही यापेक्षा छुपी चूक आहे. ती वाढीत मिसळते, लांबीत दिसत नाही आणि गुणांक कमी दाखवते. वजने चढवताना आणि उतरवताना दोन्ही वेळा वाचने घ्या. उतरवल्यावर सूचक मूळ जागी न येता कायम त्याच बाजूला राहिला, तर एकतर तार घसरली किंवा स्थितिस्थापक मर्यादा ओलांडली गेली. चकजवळ तारेवर बारीक खूण करून ठेवली, की दोहोंपैकी काय झाले ते कळते. वाइंडिंगची मऊ तांब्याची तार आणून पोलादाइतकीच वजने टांगणाऱ्यांना हा प्रश्न हमखास येतो, कारण ०.५ मिमीच्या अशा तारेत १ किलोला सुमारे ५० मेगापास्कल प्रतिबल येते आणि मऊ तांबे त्याच्या आसपासच कायमचे लांबू लागते.

‘भार वाढला की व्यासही कमी होतो, मग तो दर वेळी मोजायला नको का?’ हा प्रश्न तोंडी परीक्षेत मला आवडतो. आपल्या प्रयोगात विकृती ०.१ टक्का असते, पॉयसनचे गुणोत्तर ०.३ धरले, तर व्यास ०.०३ टक्क्याने घटतो. स्क्रू गेजला हे दिसणारच नाही.

वाढीची सरासरी

आपल्या तारेत अर्ध्या किलोला वाढ ०.२५ मिमी होते. आठ वाचने घेऊन लागोपाठची सात अंतरे काढायची आणि त्यांची सरासरी घ्यायची, ही पद्धत पाहिली की मला वाचने घेणाऱ्याची दया येते. अंतरांची बेरीज करताना मधली सगळी वाचने एकमेकांना छेद देतात आणि फक्त पहिले व शेवटचे उरते. त्याऐवजी ० आणि २, ०.५ आणि २.५, १ आणि ३, १.५ आणि ३.५ किलो अशा जोड्या लावा. समजा ०.९९, १.०१, १.०० आणि १.०० मिमी मिळाले. सरासरी १.०० मिमी, वस्तुमान २ किलो आणि मुंबई-पुण्यासाठी g ९.७९ घेतले, तर गुणांक १९९ गिगापास्कल येतो. आलेखाचा उतार घेतला तरी चालेल, मात्र रेषा बळजबरीने आरंभबिंदूतून नेऊ नका. पहिल्या एक-दोन वजनांना तारेचे बाक सरळ होतात आणि वाढ खोटी दिसते. त्यासाठीच सुरुवातीला १ किलो डेड लोड असतो.

प्रत्येक वजनानंतर दोनेक मिनिटे थांबा. उपकरणाचा स्क्रू नेहमी एकाच दिशेने फिरवत पातळीदर्शकातला बुडबुडा मध्यावर आणा. शेजारची संदर्भ तार त्याच धातूची असू द्या : २ मीटर पोलाद एका अंशाने ०.०२४ मिमी लांबते, म्हणजे जवळजवळ ५० ग्रॅम भार लावल्याइतके, आणि संदर्भ तार नसेल तर ते सगळे तुमच्या वाढीत जाते.

उरला उत्तर लिहिण्याचा मुद्दा. वरच्या आकड्यांत व्यासाचे ४ टक्के, वाढीचे एक-दोन टक्के आणि लांबीचे ०.१ टक्का धरले, तर एकूण त्रुटी साधारण ६ टक्के होते. म्हणून उत्तर २०० ± १० गिगापास्कल असे लिहावे. १९९.४७३ लिहिणाऱ्याला मी त्यातील शेवटचे तीन अंक कोणत्या उपकरणाने मोजले ते दाखवायला सांगतो.