थरांच्या स्तंभातून प्रत्येक मालाची वाढ कशी वेगळी काढावी

माझ्या मामेबहिणीचं नागपुरात महालमध्ये छोटं दुकान आहे. चिवडा, सावजी मसाला आणि संत्रा बर्फी हे तिचे तीन मुख्य माल. त्यांचा हिशेब लिहिणाऱ्या काकांनी तिला चार वर्षांच्या विक्रीचा एक चार्ट पाठवला, त्याचा स्क्रीनशॉट तिने मला पाठवला आणि लगेच फोन केला. "दादा, पाहून सांग ना, बर्फीच वाढून राहिली नं सगळ्यात जास्त? दुसरा फ्रीज घ्यायचा म्हणतो आम्ही."

चार्टमध्ये दरवर्षीचा एक स्तंभ होता आणि त्यात एकावर एक तीन थर. तळाला चिवडा, मधे मसाला, वर बर्फी. २०२१-२२ पासून २०२४-२५ पर्यंत वरची नारिंगी कड चढतच गेलेली दिसत होती, आणि त्यावरून तिने बर्फीचा निष्कर्ष काढला होता. तो चुकीचा होता. असा चार्ट पाहताना बहुतेकांची चूक इथेच होते, म्हणून आम्ही तो कसा वाचला ते पुढे क्रमाने सांगतो.

कड पाहू नका, जाडी पाहा

थरांच्या स्तंभात फक्त सगळ्यात तळाचा थर शून्याच्या रेषेवर उभा असतो. बाकीचे थर खालच्यांच्या डोक्यावर बसलेले असतात. चिवडा वाढला की बर्फीचा थर आपोआप वर ढकलला जातो, मग बर्फी तसूभर वाढलेली नसली तरी. वरची कड सांगते ती एकूण विक्री. बर्फीची विक्री तिच्या थराच्या जाडीत असते, म्हणजे वरची कड आणि खालची कड यांच्यातल्या अंतरात.

हे अंतर नुसत्या नजरेने तोलणं अवघड आहे. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ साली प्रयोग करून दाखवलं होतं, की एकाच पायावर उभ्या असलेल्या गोष्टींची उंची माणूस बऱ्यापैकी अचूक ताडतो, पण वेगवेगळ्या जागी तरंगणाऱ्या तुकड्यांची लांबी ताडताना जास्त चुकतो. म्हणून नजरेवर विसंबू नका, मोजा.

मोजण्याआधी दोन गोष्टी तपासा

पहिली, डावीकडचा आकड्यांचा अक्ष कुठून सुरू होतो. तो शून्यापासून नसेल, तर फक्त तळाचा थर फसवतो. समजा हाच चार्ट ४ लाखांपासून सुरू झाला असता. चिवड्याची विक्री ६ लाखांवरून ९ लाखांवर गेली, म्हणजे दीडपट झाली. पण अक्षापासून मोजणाऱ्याला २ चे ५, म्हणजे अडीचपट दिसले असते. वरच्या थरांची जाडी मात्र तरीही खरीच राहते, कारण त्यांच्या दोन्ही कडा दिसत असतात. अशा वेळी तळाच्या थराची जाडी न मोजता त्याच्या वरच्या कडेचा अक्षावरचा आकडा वाचायचा.

दुसरी, सगळे स्तंभ एकाच उंचीचे आहेत का. असतील आणि अक्षावर १००% लिहिलेलं असेल, तर तो चार्ट फक्त वाटा सांगतो, वाढ नाही. आमच्या हिशेबात बर्फीचा वाटा सुमारे ३७ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर आला होता. तशा चार्टमध्ये तिचा थर बारीक झालेला दिसला असता आणि बर्फी घटली असं वाटलं असतं, जे खरं नाही. एकूण विक्रीचे आकडे मिळाले तरच अशा चार्टमधून वाढ काढता येते: वाटा गुणिले एकूण.

रंगसूची वाचताना कोणता माल कोणत्या क्रमाने लिहिलाय हे धरू नका, रंगच जुळवा. सूचीचा क्रम आणि थरांचा क्रम पुष्कळदा उलटा असतो.

मोजणी

स्क्रीनशॉट मूळ स्पष्टतेत मागवा. व्हॉट्सॲपवर फोटो दाबला जातो आणि कडा पुसट होतात, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो असेल तर परत मागवाच, कारण तो तिरपा असतो आणि स्तंभाच्या वरच्या भागाचं माप खालच्यापेक्षा वेगळं पडतं.

विंडोजच्या संगणकावर चित्र पेंटमध्ये उघडा. माउसचा बाण जिथे असेल तिथले दोन आकडे खाली डाव्या कोपऱ्यात दिसतात, त्यातला दुसरा आपल्या कामाचा. तो चित्राच्या वरच्या टोकापासून खाली मोजला जातो, त्यामुळे खाली जाल तसा आकडा वाढतो. मोठं करून पाहिलं तरी आकडे बदलत नाहीत, म्हणून कडेजवळ भरपूर मोठं करून पाहा.

आधी मोजपट्टी तयार करायची. आमच्या चित्रात शून्याची रेषा ६२० वर होती आणि २० लाखांची रेषा १२० वर. म्हणजे ५०० पिक्सेलमध्ये २० लाख, अर्थात २५ पिक्सेलला १ लाख.

मग पहिल्या स्तंभाच्या कडा खालून वर टिपल्या: ६२०, ४७०, ४५०, ३५०. लगतच्या आकड्यांची वजाबाकी केली की थर सुटे होतात. चिवडा १५० पिक्सेल, मसाला २०, बर्फी १००. २५ ने भागलं की ६ लाख, ०.८ लाख आणि ४ लाख. शेवटच्या स्तंभाच्या कडा ६२०, ३९५, ३३५ आणि २२५ होत्या. तुम्ही वजाबाकी करून खालच्या तक्त्याशी ताडून पाहा.

| वर्ष | चिवडा | मसाला | बर्फी | एकूण |
|---|---|---|---|---|
| २०२१-२२ | ६.० | ०.८ | ४.० | १०.८ |
| २०२२-२३ | ७.० | ०.९ | ४.२ | १२.१ |
| २०२३-२४ | ८.० | २.२ | ४.२ | १४.४ |
| २०२४-२५ | ९.० | २.४ | ४.४ | १५.८ |

(आकडे लाख रुपयांत.)

स्तंभाच्या डोक्यावर एकूण आकडा छापलेला असेल तर तो आपल्या एकूणाशी जुळतो का पाहा. जुळला नाही तर बहुधा मोजपट्टीच्या दोन रेषांपैकी एक चुकीची धरलेली असते.

संगणक नसेल तर चित्र कागदावर छापून घ्या आणि कोऱ्या कागदाच्या पट्टीची कड अक्षाला लावून शून्य आणि २० लाखांच्या खुणा करा. मग पट्टी प्रत्येक थराशी सरकवून जाडी खुणवायची आणि ती शून्यापाशी आणून वाचायची. काम बरंच जमतं, फक्त मसाल्यासारख्या बारीक थरात जास्त चुकतं.

सगळ्यात जास्त कोण वाढलं, याची दोन उत्तरं

तीन वर्षांत चिवडा ३ लाखांनी वाढला, मसाला १.६ लाखांनी आणि बर्फी फक्त ०.४ लाखाने. स्तंभाची वरची कड जी ५ लाखांनी चढली, त्यातले ३ लाख एकट्या चिवड्याचे होते. बहिणीला बर्फीची चढण वाटत होती ती मुख्यतः चिवड्याची होती.

पण वेग म्हणजे सुरुवातीच्या मानाने वाढ. चिवडा दीडपट झाला, मसाला तिप्पट, आणि बर्फी जेमतेम १० टक्के वाढली. गल्ल्यात भर कोणी घातली असं विचाराल तर चिवड्याने. वेगाने कोण वाढलं असं विचाराल तर मसाल्याने. काय ठरवायचं आहे त्यावरून प्रश्न निवडावा लागतो, आणि उत्तर सांगताना कोणत्या प्रश्नाचं ते सांगावंच लागतं.

दरवर्षीचा सरासरी वेग हवा असेल तर एक्सेलमध्ये हे सूत्र चालतं. `A2` मध्ये पहिल्या वर्षाचा आकडा, `B2` मध्ये शेवटच्या.

```
=(B2/A2)^(1/3)-1
```

स्तंभ चार असले तरी त्यांच्यामधल्या उड्या तीनच आहेत, म्हणून ३. इथे ४ टाकला तर वेग कमी येतो. आमचं उत्तर आलं मसाला वर्षाला सुमारे ४४ टक्के, चिवडा साडेचौदा, बर्फी ३.२.

आता मधली वर्षंही पाहा. मसाल्याची जवळजवळ सगळी वाढ २०२३-२४ च्या एकाच स्तंभात आहे, ०.९ वरून २.२. त्या वर्षी दोन खानावळींना मसाला द्यायला सुरुवात झाली होती. पुढच्या वर्षी तो ९ टक्केच वाढला, तर चिवडा साडेबारा टक्के. म्हणजे शेवटच्या वर्षापुरतं पाहिलं तर वेगात चिवडाच पुढे होता. पहिला आणि शेवटचा स्तंभ घेऊन काढलेला ४४ टक्क्यांचा दर खरा आहे, पण तो पुढेही तसाच राहील असं धरून मसाल्याच्या मिरच्या भरून ठेवल्या असत्या तर पैसा अडकला असता.

या मापावर किती भरवसा ठेवायचा

प्रत्येक कड एखाद्या पिक्सेलने चुकू शकते आणि थराला कडा दोन असतात, म्हणून जाडी दोन पिक्सेलने इकडेतिकडे धरा. २० पिक्सेलच्या मसाल्यात ही चूक दहा टक्क्यांची आहे. पहिल्या वर्षी १८ ते २२, शेवटच्या वर्षी ५८ ते ६२. सगळ्यात वाईट जोडी घेतली तरी मसाला २.६ पट भरतो, चिवड्याच्या दीडपटीच्या खूप वर. तेव्हा मसाल्याचा पहिला नंबर पक्का, नेमका तिप्पट हा आकडा मात्र पक्का नाही.

बर्फीचं उलट आहे. चित्र पुसट असतं आणि प्रत्येक कड तीन पिक्सेलने चुकली असती, तर पहिली जाडी ९४ ते १०६ आणि शेवटची १०४ ते ११६ आली असती. मग बर्फी वाढली की किंचित घटली हेही त्या चित्रावरून सांगता आलं नसतं. तेवढ्यासाठी मूळ आकडेच मागावे लागतात.

आम्ही ते मागितले. चार्ट रुपयांचा होता आणि बर्फीचा भाव या काळात किलोला ५०० वरून ६०० झाला होता. ४ लाखांची बर्फी म्हणजे ८०० किलो, आणि ४.४ लाखांची म्हणजे सुमारे ७३३ किलो. रुपयांत दहा टक्के वाढलेली बर्फी वजनात कमी झाली होती. बहीण थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे हाय तोच फ्रीज रिकामा रायते, अन् मी दुसरा घ्यायले निघाली होती." फ्रीज तिने थांबवला आणि बर्फीची नेहमीची कोणती गिऱ्हाइकं येईनाशी झाली, याची वही काढून बसली.